पंखा मंदावला, तर दोष कुणाचा?

मार्च उलटला की वायरमनचा फोन वाजायला लागतो आणि तक्रार जवळजवळ ठरलेली असते: पंखा फिरतो, पण हवा लागत नाही. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी म्हणतात, मोटर गेली, आता नवा घ्या. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. बिघडलेला असतो तो तिच्याजवळचा बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा डबा, ज्याला वायरमन कपॅसिटर किंवा जुन्या सवयीने कंडेन्सर म्हणतात.

नेहमीच्या छताच्या पंख्यात मोटरीचा आतला भाग स्थिर असतो आणि बाहेरचे कवच पात्यांसकट फिरते. घरात येणारी वीज एकाच फेजची असते. अशा विजेने तयार होणारे चुंबकत्व फिरत नाही, झोक्यासारखे पुढे-मागे होते. मोटरीला फिरवायचे तर त्या झोक्याला कडेने दुसरा धक्का हवा, आणि तोही थोडा आगेमागे. म्हणून मोटरीत दोन वाइंडिंग असतात. एक थेट विजेवर चालते, दुसऱ्याच्या वाटेत कपॅसिटर बसवलेला असतो. तो दुसऱ्या वाइंडिंगच्या प्रवाहाची वेळ सरकवतो आणि त्यामुळे चुंबकत्व खरोखर गोल फिरू लागते. बाराशे मिलिमीटरच्या, म्हणजे ४८ इंची पंख्यात हा कपॅसिटर बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो.

त्याच्या आत प्लॅस्टिकची पातळ फीत असते आणि तिच्यावर धातूचा त्याहूनही पातळ थर. विजेच्या एखाद्या झटक्याने फितीला भोक पडले तर त्याभोवतीचा धातू क्षणात जळून जातो आणि बाकीचा कपॅसिटर काम करत राहतो. ही सोय चांगली आहे, पण प्रत्येक भोकागणिक क्षमता थोडी घटते, आणि उष्णतेने हे अधिक वेगाने होते. म्हणून पंखा एका दिवसात बिघडत नाही. आधी रेग्युलेटर एकवर ठेवला की तो सुरूच होत नाही, मग दोनवर अडतो. शेवटी पाचवरही नुसता घूं करत उभा राहतो आणि काठीने ढकलला तर फिरतो. ढकलाल त्या दिशेने फिरू लागला तर कपॅसिटर जवळजवळ पूर्ण गेला, असे खुशाल समजावे. (रोज काठीने ढकलून चालवणारी घरे मी पाहिली आहेत. अडकून बसलेली मोटर चालू ठेवली की वाइंडिंग तापते. तेव्हा तो नाद सोडलेला बरा.)

मिरजेच्या एका जुन्या घरातला किस्सा इथे उपयोगी पडेल. हॉलमधला बारा-तेरा वर्षांचा पंखा मंदावला होता. वायरमनने पंख्याला हात लावायच्या आधी विचारले, "काकू, रात्री दोन वाजता नीट फिरतो का हो?" काकू म्हणाल्या, "नाही रे बाबा, केव्हाही तसाच." प्रश्न साधा वाटतो, पण त्यात अर्धे निदान आहे. संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, कूलर, पंप एकदम चालतात तेव्हा दाब उतरतो, आणि मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले, तर जोर चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. अशा वेळी घरातले सगळे पंखे मंदावतात आणि मध्यरात्रीनंतर सुधारतात. इथे बाकीचे पंखे ठीक होते, म्हणजे दाबाचा प्रश्न नव्हता.

मग त्याने रेग्युलेटर पाचवर नेला. फरक नाही. पंखा बंद करून हाताने फिरवून पाहिला. तो मोकळा फिरला, अडला नाही, खरखरला नाही, म्हणजे बेअरिंग सुटले. बेअरिंग सुकलेले असते तर पंखा दोन-चार फेऱ्यांत थांबतो आणि हाताला दाणेदार घासणे जाणवते. उरला कपॅसिटर. वीज बंद करून तो काढला, मीटरवर धरला. अंगावर २.५ छापलेले, मीटर दाखवी १.३. चांगला कपॅसिटर छापील आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर असतो. नवा तसाच २.५ चा, ४४० व्होल्टचा बसवला आणि पंखा पूर्ववत झाला.

"४४० कशाला, घरात तर २३०च येतात," असे दुकानात अनेकजण विचारतात. वाइंडिंग आणि कपॅसिटर एका वाटेवर असले की कपॅसिटरवर घरच्या दाबापेक्षा जास्त दाब येतो, म्हणून. आणि जास्त हवा हवी म्हणून २.५ च्या जागी ४ चा कपॅसिटर बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणावे. सुरुवातीला पंखा थोडा वेगाने फिरेलही, पण दुसऱ्या वाइंडिंगवर जादा प्रवाह जाऊन ते तापेल आणि ही किंमत मोटरीला मोजावी लागेल.

हे काम घरी करता येते, पण एका अटीवर. वीज खरोखर बंद आहे याची खात्री हवी, आणि आपल्याकडे इथेच गफलत होते. भिंतीवरचा स्विच बंद केला म्हणजे झाले, असे नाही. जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर जोडलेला सापडतो. तेव्हा स्विच बंद असला तरी पंख्यापर्यंत फेज जिवंत राहते. एमसीबी उतरवावा. त्याहून महत्त्वाचे: घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावर तो स्वतःच पंख्याला वीज देऊ लागतो. इन्व्हर्टर बंद करून मगच हात घालावा, आणि टेस्टर आधी चालू बोर्डावर तपासून मग पंख्याच्या तारांना लावावा. कपॅसिटरमधला साठा एरवी वाइंडिंगमधून आपोआप उतरतो, पण वाइंडिंग तुटले असेल तर साठा राहू शकतो. म्हणून तार सोडवण्याआधी मुठीला इन्सुलेशन असलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन टोके जोडून घ्यावीत. जोडण्यांचा आधी मोबाइलवर फोटो काढावा. कपॅसिटरच्या दोन टोकांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही, पण तो दुसऱ्याच वाइंडिंगवर जोडला गेला तर पंखा उलटा फिरतो आणि हवा छताकडे जाते.

आणि शिडी. पलंगावर स्टूल ठेवून चढू नये. विजेइतकीच पडण्याचीही भीती असते. कुणीतरी खाली शिडी धरून उभे असावे.

डुलण्याचा कपॅसिटरशी काही संबंध नसतो, तरी "डुलतोय, कंडेन्सर बदला" असे सांगणारे भेटतात. पंखा थोडा झुलणे हे त्याच्या रचनेतच आहे. दांडी वरच्या टोकाला रबरी बुशवर लोंबती ठेवलेली असते, म्हणजे लहान थरथर छताला जात नाही. डुलणे दिसण्याइतके वाढले, तर बहुतेक वेळा पाती एका पातळीत नसतात किंवा त्यांचे वजन सारखे नसते. पंखा बंद करून, छतापासून एका पात्याच्या टोकापर्यंत फूटपट्टीने अंतर मोजा. पट्टी त्याच जागी धरून पंखा हाताने फिरवत बाकीची पाती तिथे आणा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर ज्याचे अंतर वेगळे आहे त्या पात्याला मोटरीशी जोडणारा पट्टा वाकलेला आहे. घर बदलताना किंवा पंखा पुसताना पात्याला धरून लोंबकळल्यासारखा जोर पडतो, तेव्हा हे होते. पट्टा अगदी हळू, पात्याच्या मुळाशी धरून जागेवर आणता येतो. पण त्याआधी स्क्रू आवळून पाहा, कारण एक स्क्रू ढिला असला तरी तसाच फरक दिसतो.

अंतरे सारखी आली आणि तरी डुलत असेल, तर वजन. पात्याच्या पुढच्या कडेला धुळीचा थर बसतो. तीन पात्यांपैकी हाताला जवळचे एकच स्वच्छ झाले, तर तोल बिघडतो. तिन्ही पुसून पाहावे. मग एखादे नाणे एकेका पात्यावर, मधोमध, वरच्या बाजूला पक्क्या चिकटपट्टीने लावून पाहावे, आणि पंखा सुरू करताना खाली कुणी उभे राहू नये. ज्या पात्यावर डुलणे कमी होते, तिथे नाण्याची जागा आतबाहेर सरकवत योग्य ठिकाण सापडते. एक सांगायचे राहिले: पाती कारखान्यात वजन जुळवून संचाने देतात. एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावून काम भागवू नये.

आवाज कोणता आहे हे ऐकण्यावर अवलंबून असते. मंद वेगाला सलग गुणगुण आणि पाचवर शांत, तर दोष रेग्युलेटरचा. गोल फिरणाऱ्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये विजेची लाट कापून वेग कमी करतात. कापलेली लाट मोटरीच्या पत्र्यांना थरथरवते. टप्प्याटप्प्याने वेग बदलणारा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवला की ही गुणगुण जाते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा घुरघुरू लागला, तर पंखा तपासायचे कारण नाही. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो, आणि त्याच्यावर हेच होते. टक-टक असा ठरलेल्या जागी येणारा आवाज वाटी दांडीला घासण्याचा किंवा ढिल्या स्क्रूचा. आणि सततची खरखर म्हणजे बेअरिंग. तेलाचे थेंब सोडून ती काही दिवस शांत होते, पण बेअरिंग बदलण्यासाठी मोटर उघडावी लागते, आणि ते वर्कशॉपवाल्याचे काम आहे. जळका वास आला असेल, तर पंखा चालू करूनच पाहू नये.

यातले कपॅसिटर आणि रेग्युलेटरबद्दलचे काहीच बीएलडीसी पंख्याला लागू नाही. त्याच्यात हा कपॅसिटर नसतो, जुन्या भिंतीवरच्या रेग्युलेटरवर तो लावायचाही नसतो. मंदावला तर रिमोट आणि सर्किट बोर्डकडे बघतात.

शिडीवर चढलाच आहात तर छताजवळची वाटी खाली सरकवून एकदा आत बघा. हुकातून जाणाऱ्या बोल्टच्या टोकाला नट आणि त्याच्या भोकातून ओवलेली कॉटर पिन असते, तिचे दोन पाय उलट वळवलेले असतात. नट सैल झाला तरी पिन त्याला निसटू देत नाही. ही पिन नसेल, तिच्या जागी तार गुंडाळलेली असेल, रबरी बुश फाटला असेल किंवा स्लॅबमधला हूक गंजून पातळ झाला असेल, तर पंखा तिथेच बंद ठेवा. त्याखालचा पलंग बाजूला करा आणि वायरमनला बोलवा. पिन स्वस्तात मिळते, पण गंजलेला हूक बदलणे मात्र घरच्या हातोडीने करण्याचे काम नाही.