हवेत भिंतीला चिकटलेलं पात्र

युनिटी इंजिनात उड्या मारत पुढे जाण्याचा पहिलाच खेळ बांधणाऱ्याला एक प्रकार हमखास भेटतो. पात्र धावतं, उडी मारतं, खाली येतं, सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग ते उडीच्या मध्यावर एखाद्या भिंतीला धडकतं आणि खेळणाऱ्याचं बोट अजून उजव्या बाणावरच दाबलेलं असतं. पात्र तिथंच थांबतं. पायाखाली काही नाही, हाताने काही धरलेलं नाही, तरी ते भिंतीला लटकून राहतं. बाण सोडला की लगेच खाली पडतं.

नवखा माणूस आधी स्वतःच्या कोडला दोष देतो. गुरुत्वाकर्षण वाढवून बघतो, उडीचा जोर बदलतो, काहीच फरक पडत नाही. कारण बिघाड कुठेच नसतो. इंजिन पदार्थविज्ञानाचा नियम अगदी इमानाने पाळत असतं, आणि नेमका तोच नियम इथं नको असतो.

युनिटीच्या द्विमितीय खेळांमागे बॉक्स-टू-डी हे भौतिकीचं गणित चालतं. एरिन कॅटो यांनी लिहिलेली ही प्रणाली युनिटीत 2013 मध्ये, 4.3 या आवृत्तीसोबत आली. ती मुळात घन वस्तूंसाठी आहे: एकमेकींवर रचलेल्या, घसरणाऱ्या, आदळणाऱ्या पेट्यांसाठी. तिच्या लेखी खेळातलं पात्र हीसुद्धा एक पेटीच. पात्राभोवती कोलायडर नावाची अदृश्य चौकट असते. भिंतीला टेकते ती हीच चौकट, चित्र नव्हे. आणि प्रत्येक कोलायडरला, कुणी काही न सांगता, 0.4 इतकं घर्षण मिळालेलं असतं.

पुस्तक भिंतीला टेकवून तळहाताने दाबून धरलं तर ते पडत नाही. दाब जितका जास्त, तितकं घर्षण जास्त. पात्राच्या बाबतीत हा तळहात म्हणजे बाणाची कळ. पण इथला दाब केवढा असतो, हे कळल्याशिवाय दुखणं नीट समजत नाही. बहुतेक शिकाऊ खेळांत चालण्याचं कोड साधारण असं असतं:

```csharp
void FixedUpdate()
{
    rb.linearVelocity = new Vector2(
        input * 5f, rb.linearVelocity.y);
}
```

जुन्या आवृत्त्यांत linearVelocity ऐवजी velocity असतं, बाकी अर्थ तोच: बाण दाबलेला असेल तर आडवा वेग सेकंदाला 5 मीटर ठेवा. युनिटी भौतिकीचं गणित सेकंदातून 50 वेळा करतं, म्हणजे प्रत्येक ठोका 0.02 सेकंदाचा. भिंतीला टेकलेल्या पात्राला कोड दर ठोक्याला 5 चा वेग देतं आणि भिंत तो दर ठोक्याला पूर्ण काढून घेते. जणू पात्र सेकंदाला पन्नास वेळा नव्याने भिंतीवर आदळतं.

आता घर्षणाची पाळी. भिंतीने आडवा वेग जितका काढून घेतला, त्याच्या 0.4 पट उभा वेग घर्षण काढून घेऊ शकतं. 5 च्या 0.4 पट म्हणजे 2. उलट गुरुत्वाकर्षण एका ठोक्यात खालच्या दिशेने किती वेग देतं? 9.81 गुणिले 0.02, म्हणजे जेमतेम 0.2. घर्षणाची ताकद दहापट. गुरुत्वाकर्षण तिप्पट केलं तरी ते 0.6 च्या आसपासच पोहोचतं, म्हणून तो उपाय फसतो.

हेच गणित उडीही खाऊन टाकतं. भिंतीला चिकटून उभं असलेलं पात्र 8 च्या वेगाने वर उडालं, तर मोकळ्या जागेत ते सव्वातीन मीटर चढलं असतं. बाण भिंतीकडे दाबलेला असताना मात्र दर ठोक्याला घर्षणाचे 2 आणि गुरुत्वाकर्षणाचे 0.2 वजा होत जातात. चौथ्या ठोक्याला वेग संपतो. उंची मिळते वीसेक सेंटिमीटर! अनेकांना ही उडीतली चूक वाटते, पण दोन्ही लक्षणांमागे दुखणं एकच.

उपाय काही क्लिकचा आहे. Project खिडकीत Create मधून Physics Material 2D बनवायचं, त्यातलं Friction 0 करायचं आणि ते पात्राच्या कोलायडरच्या Material या रकान्यात ओढून टाकायचं. भिंतीवर लावण्यापेक्षा पात्रावर लावणं सोयीचं, कारण बहुतेक खेळांत जमीन आणि भिंत एकाच टाइलमॅपच्या असतात.

शून्यच का, 0.1 का नाही? इथं बरेचजण अडखळतात. दोन पृष्ठभाग भिडले की बॉक्स-टू-डी मूळ पद्धतीनुसार दोघांच्या घर्षणांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घेतं. पात्राचं 0.1 आणि भिंतीचं 0.4 मिळून 0.2 होतं, आणि पात्र चिकटूनच राहतं. पात्राचं घर्षण 0.01 इतकं खाली आणलं तरी मिळून 0.063 उरतं, 5 च्या तितक्या पट म्हणजे 0.3, अजूनही 0.2 पेक्षा जास्त. शून्याने गुणलं की मात्र भिंत कितीही खरखरीत असो, उत्तर शून्यच.

शून्याची किंमत जमिनीवर मोजावी लागते. उतारावर उभं केलेलं पात्र घसरायला लागतं. वेग थेट न बदलता बल लावून पात्र चालवलं असेल, तर बाण सोडल्यावरही ते बर्फावर असल्यासारखं सरकत राहतं. म्हणून अनुभवी मंडळी दोन कोलायडर वापरतात. अंगाची चौकट शून्य घर्षणाची. आणि पायाशी एक वर्तुळ, नेहमीच्या घर्षणाचं. वर्तुळ चौकटीच्या किंचित खाली डोकावलं पाहिजे, म्हणजे जमिनीला तेच टेकेल. आणि रुंदीला चौकटीपेक्षा कमी हवं, म्हणजे भिंतीला ते शिवणार नाही. रुंदीचं भान सुटलं की जुनं दुखणं पायाच्या वाटेने परत येतं.

चिकटण्याचं कारण दर वेळी घर्षणच असेल असं नाही. बाण सोडताच पात्र पडत असेल तर घर्षणावर संशय घ्यावा. बाण सोडूनही ते लटकलेलंच असेल, तर चौकटीचा कोपरा टाइलच्या कडेवर टेकलाय का ते बघावं. भिंतीपाशी हवेतच पुन्हा पुन्हा उडी मारता येत असेल, तर ‘पाय जमिनीवर आहेत का’ ही तपासणी भिंतीलाच जमीन समजते आहे. शून्य घर्षण यांतलं काहीच दुरुस्त करत नाही.

त्रिमितीय खेळात आणखी एक खोच आहे. तिथं गणित वेगळ्या प्रणालीवर चालतं आणि दोन घर्षणांची सरासरी घेतली जाते. भिंतीचं 0.6, पात्राचं शून्य, सरासरी 0.3, आणि पात्र पुन्हा भिंतीवर! तिथं Dynamic Friction आणि Static Friction दोन्ही शून्य करून Friction Combine या रकान्यात Minimum निवडावं लागतं.

भिंतीवरून हळूहळू घसरणं काही खेळांना हवंच असतं. 1993 च्या ‘मेगा मॅन एक्स’मध्ये तो खेळण्याचाच भाग आहे. पण तो परिणाम 0.4 च्या घर्षणावर सोडला तर पात्र घसरत नाही, गोठतं. त्यासाठी आधी घर्षण शून्य करतात. मग पात्र भिंतीला टेकलेलं असून खाली येत असेल तेव्हाच पडण्याच्या वेगाला स्वतः मर्यादा घालतात, समजा सेकंदाला 2 मीटर:

```csharp
float y = Mathf.Max(rb.linearVelocity.y, -2f);
```

मर्यादा फक्त खाली येण्याला असल्याने वर जाणारी उडी पूर्ण उंची गाठते, आणि घसरण्याचा वेग आवडला नाही तर एक आकडा बदलला की झालं.