चामड्यावाचून चामडे

१७८६ च्या डिसेंबर महिन्यात 'मेटा कॅथरिना' नावाचे डॅनिश गलबत सेंट पीटर्सबर्गहून इटलीतल्या जेनोआला निघाले होते. वादळ उठले म्हणून त्याने इंग्लंडच्या किनाऱ्यावर प्लिमथच्या बंदरात आसरा घेतला आणि तिथेच ते बुडाले. १९७३ साली पाणबुड्यांना त्याचे अवशेष सापडले. तळच्या चिखलात रशियन चामड्याच्या गुंडाळ्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच इतक्या शाबूत होत्या, की स्वच्छ करून, तेल मुरवून कारागिरांनी त्यांचे बूट आणि पाकिटे बनवली. ज्यांनी ते चामडे हाताळले त्यांना त्यात धुराचा गोडसर वास आला. हाच वास परफ्यूमच्या बाटलीवर 'क्यूर द रुसी', म्हणजे रशियन चामडे, या नावाने सव्वाशेहून अधिक वर्षे विकला जातो आहे. त्या बाटलीत चामड्याचा अंशही नसतो.

हे कसे जमते, याचे उत्तर कातडे कमावण्याच्या कामात आहे. जनावराच्या अंगावरून उतरवलेल्या ओल्या कातड्याला रक्त, चरबी आणि मीठ यांचा वास असतो आणि दोन दिवसांत त्यावर कुजका वास चढतो. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढले, मांस खरवडले आणि मग झाडाच्या सालीच्या पाण्यात ते महिनोन्महिने मुरवले, की कातड्याचा मूळ वास जवळजवळ जातो. मागे उरतो तो साल, तेल आणि धूर यांचा वास. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात, म्हणून नव्या कोल्हापुरीला तुरट, सालीसारखा वास येतो. क्रोमियमच्या क्षारांनी झटपट कमावलेल्या आजच्या बुटांच्या चामड्याला त्या मानाने फारच फिका वास असतो. थोडक्यात, आपण ज्याला चामड्याचा वास म्हणतो तो जनावराचा नाही, चामडे करणाऱ्या माणसाच्या कामाचा आहे. परफ्यूम करणाऱ्याला म्हणूनच कातडे लागत नाही. त्याला कमावणाऱ्याच्या हातातली द्रव्ये लागतात.

रशियात ते द्रव्य म्हणजे बर्च झाडाच्या सालीचे डांबर. बर्च हा आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा उत्तरेकडचा भाऊबंद. तशीच पांढरी, पापुद्र्यांची साल. रशियन कारागीर विलोच्या सालीत कातडे कमावत आणि मग मागच्या बाजूने त्यात बर्चच्या डांबराचे तेल चोळत. त्याने चामडे मऊ राही, पाणी धरत नसे आणि त्याला किडे सहसा लागत नसत. ग्रंथांच्या बांधणीसाठी, खुर्च्यांसाठी, सैनिकांच्या बुटांसाठी युरोपभर त्याला मागणी होती आणि वासावरून ते ओळखले जाई.

हे डांबर काढण्याची रीत आपल्या रसशास्त्रातल्या पातालयंत्राच्या जातीची आहे. बिब्ब्याचे तेल काढताना तळाला भोके असलेले मडके बिब्ब्यांनी भरतात, ते जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्यावर बसवतात, सांधे मातीने लिंपतात आणि वरच्या मडक्याभोवती गोवऱ्या पेटवतात. बर्चच्या सालीचेही असेच करतात. साल दाबून भरायची, वरून पूर्ण बंद करायची आणि आग बाहेरून लावायची. हवा आत शिरली तर साल पेटते आणि राख हाती येते. हवा नसली तर साल जळण्याऐवजी फुटते. तिच्यातले मोठे रेणू साधारण साडेतीनशे ते चारशे अंश सेल्सिअसला तुटतात, त्यांची वाफ होते आणि ती खालच्या थंड मडक्यात काळे, दाट डांबर म्हणून जमते. ही युक्ती फार जुनी आहे. निअँडरथल माणूसही दगडी हत्यारे दांड्याला चिकटवायला बर्चचे डांबर वापरत असे.

या डांबराच्या वासाचा कणा म्हणजे फिनॉल वर्गातली द्रव्ये. त्यांपैकी ग्वायाकॉलला धुराचा, भाजक्या लाकडाचा आणि किंचित औषधी वास असतो. क्रेसॉल नावाच्या द्रव्यांना घोड्याच्या तबेल्याचा, जंतुनाशकाचा वास येतो. जुन्या परफ्यूममध्ये चामड्याच्या वासासाठी बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथीतले कॅस्टोरियमही वापरत. बीव्हर झाडांच्या साली खातो, म्हणून त्याच्या त्या स्रावातही याच कुळातली फिनॉले सापडतात. म्हणजे जे प्राणिज वाटत होते त्याच्याही मुळाशी झाडाची साल होती. आज त्या जागी बहुतेक ठिकाणी कृत्रिम मिश्रणे वापरतात.

कच्चे डांबर मात्र आता अत्तरात घालता येत नाही. उष्णतेने साल फुटताना फिनॉलांबरोबर बहुवलयी हायड्रोकार्बनही तयार होतात आणि त्यांपैकी बेंझोपायरिन कर्करोगकारक आहे. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा कच्च्या डांबराला मनाई करते आणि फक्त शुद्ध केलेले, म्हणजे पुन्हा ऊर्ध्वपातन केलेले तेल चालू देते. हे करता येते, कारण फिनॉले हलकी आहेत आणि कमी तापमानाला उडतात. बहुवलयी हायड्रोकार्बन जड आहेत आणि भांड्याच्या तळाशी राहतात. मर्यादाही ठरलेली आहे. बेंझोपायरिन आणि बेंझअँथ्रासीन या दोन खुणेच्या द्रव्यांचे एकत्र प्रमाण तयार परफ्यूममध्ये अब्जात १ भागाहून जास्त नको. पण हीच चाळणी वासातलाही काही भाग नेते. कच्च्या डांबराची तेलकट, जड खोली शुद्ध तेलात तेवढी राहत नाही. ती भरून काढायला दुसरे काही लागते.

ते दुसरे काही म्हणजे आयसोब्युटिल क्विनोलिन. अ‍ॅनिलीन, ग्लिसरिन आणि सल्फ्युरिक आम्ल तापवून क्विनोलिन बनवण्याची कृती स्क्राउप या रसायनशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास शोधली आणि त्या कुळातले हे द्रव्य पुढे परफ्यूममध्ये आले. याच्या वासात धूर नाही. तो हिरवा, कडू, मुळासारखा आहे आणि त्यात नव्या पट्ट्याची कोरडी धार आहे. मिश्रणात बर्चचे डांबर बुटाची आठवण देते, तर क्विनोलिन हातमोज्याची. दोन्ही एकत्र आली की नाक पटकन 'चामडे' म्हणते. जेर्मेन सेलिये यांनी १९४४ साली रोबेर पिगे यांच्यासाठी केलेल्या 'बांदी' या परफ्यूममध्ये क्विनोलिन इतके ठळक आहे, की तो या द्रव्याचा धडाच मानला जातो. त्याआधी कॅरोनचे 'ताबा ब्लाँ' १९१९ मध्ये आले होते. मॉस्कोत जन्मलेल्या अर्नेस्ट बो यांनी शॅनेलसाठी १९२० च्या दशकात 'क्यूर द रुसी' केले. त्यात डांबराच्या धुरावर आयरिसची पावडरी मऊ साय आहे आणि तोच त्याचा डौल आहे.

ही दोन द्रव्ये एकटी उघडून हुंगली तर चामडे आठवत नाही. डांबर नुसते हुंगले तर मांस धुरावणारी भट्टी आठवते. क्विनोलिन नुसते हुंगले तर कच्चा रबर. चामडे घडते ते शेजारामुळे. सुगंधकार ज्याला अकॉर्ड म्हणतात, म्हणजे अनेक द्रव्यांचा मिळून एकच वास वाटावा अशी जुळणी, ती इथे हाती घेऊन पाहू. सरावासाठी १० ग्रॅमची एक साधी मांडणी घेऊ. बर्गॅप्टेन काढलेले बर्गमॉट २ ग्रॅम, आयरिस आणि व्हायोलेटसारखा वास देणारे मिथाइल आयोनोन २.२ ग्रॅम, देवदारकुळातले लाकूडतेल १.६ ग्रॅम, पचौली ०.८ ग्रॅम, लाबडॅनमचा राळ-अर्क १ ग्रॅम, कुमारिन आणि व्हॅनिलिन प्रत्येकी ०.३ ग्रॅम, एक मऊ कृत्रिम कस्तुरी १.६ ग्रॅम. उरले ०.२ ग्रॅम: त्यात निम्मे शुद्ध डांबर, निम्मे आयसोब्युटिल क्विनोलिन.

म्हणजे ज्यांच्यामुळे याला चामडे म्हणायचे ती दोन्ही द्रव्ये मिळून शंभरात फक्त दोन भाग आहेत. बाकीचे अठ्ठ्याण्णव भाग ओलावा, मऊपणा आणि लाकूड देतात. बर्गमॉट सुरुवातीचा तिखट धूर हलका करते. आयोनोन चामड्याच्या पृष्ठभागाची मखमल देते. लाबडॅनम आणि पचौली तेल मुरलेल्या जाडीची जाणीव देतात. व्हॅनिलिन आणि कुमारिन डांबरातला औषधी सूर झाकतात. ०.१ ग्रॅम डांबर थेंबाने मोजणे अवघड, म्हणून ते आधी दहा टक्क्यांच्या द्रावणात करून ठेवतात आणि त्याचे १ ग्रॅम घेतात. हे द्रावण वेगळ्या कपाटात ठेवावे. डांबर लागलेला ड्रॉपर कितीही धुतला तरी तोच वास पुढच्या कुपीत नेतो.

मर्यादेचे गणितही याच मांडणीवर करता येते. हे मिश्रण अल्कोहोलमध्ये १५ टक्के घातले, तर तयार परफ्यूममध्ये डांबर ०.१५ टक्के होते. त्यात खुणेची द्रव्ये अब्जात १ भागाच्या आत ठेवायची, तर घेतलेल्या डांबरात ती दहा लाखांत सुमारे ०.६७ भागांहून कमी असली पाहिजेत. म्हणून पुरवठादाराकडून त्या खेपेचा चाचणी अहवाल घेणे ही औपचारिकता नाही. साल, भट्टी आणि ऊर्ध्वपातन बदलले की हा आकडा बदलतो. शिवाय त्याच परफ्यूममध्ये केड किंवा स्टायरॅक्सचे तेल असेल, तर ही मर्यादा सगळ्यांची मिळून आहे.

बिघडले कसे ओळखायचे? कागदी पट्टीवर पाच मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी हुंगावे. पहिल्या मिनिटांत धुरावलेल्या मांसाचा वास आला आणि तासाने दवाखान्याचा, तर डांबर जास्त झाले. सुरुवात ठीक आणि दुसऱ्या दिवशी पट्टीवर कडू, हिरवट रबर उरले, तर क्विनोलिन जास्त, कारण ते फार वेळ टिकते. धूर कमी करायला गोडी वाढवावी असे वाटते, पण त्याने चामड्याऐवजी टॉफी होते. बरा उपाय म्हणजे डांबर अर्धे करून आयोनोन वाढवणे. उलट चामड्याऐवजी फक्त फुले जाणवत असतील, तर मऊ द्रव्ये कमी करावीत, डांबर वाढवू नये. शेवटी पांढऱ्या कापडावर एक थेंब टाकून पाहावा. शुद्ध डांबरही तपकिरी असते आणि डाग पडू शकतो.

आजच्या अनेक परफ्यूममध्ये डांबर अजिबात नसते. २००७ चे टॉम फोर्डचे 'टस्कन लेदर' मऊ, स्वेडसारखे आणि फळाच्या अंगाने जाते. केशराचा वास आणि चामड्याचा वास एकमेकांच्या जवळ असल्याने केशरासारखी कृत्रिम द्रव्येही हल्ली चामड्यासाठी वापरतात. यात काही खोटे नाही. मऊ स्वेडच्या पिशवीलाही धुराचा वास नसतोच. पण धूर हवा असेल, तर सालीपासून काढलेल्या त्या काळ्या तेलाची जागा अजून पुरती कोणी घेतलेली नाही. दुकानात 'लेदर' लिहिलेली बाटली घेताना पहिल्या फवाऱ्यावर निर्णय करू नये. मनगटावर अर्धा दिवस वागवून संध्याकाळी काय उरते ते पाहावे: धूर, कडू हिरवी धार की नुसती गोड मऊ कस्तुरी. त्या परफ्यूममध्ये कोणते चामडे आहे, ते त्या उरलेल्या वासावरून कळते.