पंच्याहत्तर हजारांची ओळ कुठे टाकायची?

विक्री वाढेल तसा कमिशनचा दरही वाढवायचा, ही रीत विम्यापासून शेतीच्या अवजारांपर्यंत बहुतेक धंद्यांत आहे. तोंडी सांगायला ती सोपी असते. पन्नास हजारांच्या आत एक टक्का, तिथून लाखापर्यंत दोन, पुढे तीन. हे एक्सेलला सांगताना मात्र बरेच जण एकात एक अडकवलेल्या IF ची माळ ओवतात. पुढच्या वर्षी मालकाने दर बदलले की ती माळ प्रत्येक ओळीत उसवून पुन्हा ओवावी लागते.

त्यापेक्षा दर एका छोट्या तक्त्यात लिहावेत आणि फॉर्म्युल्याने तिथून उचलावेत, ही युक्ती जुनी आहे. १९७९ साली आलेल्या व्हिसिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीटमध्येच तक्त्यातून किंमत शोधण्याची सोय होती. तो प्रोग्रॅम लिहिणारे बॉब फ्रँकस्टन यांना स्वतःच्या आयकराचा हिशेब करताना तिची गरज भासली होती. कराचे टप्पे आणि कमिशनचे टप्पे यांची घडण सारखीच असते. एक्सेलची पहिली आवृत्ती १९८५ साली मॅकिंटॉशवर आली, तेव्हापासून त्यात VLOOKUP आहे.

समजा, एका वितरकाकडे काही सेल्समन आहेत आणि कमिशनचा तक्ता F आणि G या दोन रकान्यांत, दुसऱ्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत असा मांडला आहे:

० – १ टक्का
५०,००० – २ टक्के
१,००,००० – ३ टक्के
२,५०,००० – ४ टक्के
५,००,००० – ५ टक्के

इथे प्रत्येक टप्प्याची फक्त सुरुवात लिहिली आहे, शेवट नाही. ‘५०,००० ते ९९,९९९’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण तसं लिहिलं की एक्सेलच्या लेखी तो आकडा राहत नाही, नुसता मजकूर होतो. शिवाय शेवट लिहिण्याची गरजही नसते, कारण पुढचा टप्पा सुरू झाला की आधीचा आपोआप संपतो. पहिली ओळ शून्याची हवीच. ती नसेल तर पन्नास हजारांच्या आतल्या विक्रीसाठी तक्त्यात जागाच उरत नाही आणि सेलमध्ये #N/A उमटतं.

सेल्समनची महिन्याची विक्री B2 मध्ये असेल, तर दर काढणारा फॉर्म्युला असा:

```
=VLOOKUP(B2,$F$2:$G$6,2,TRUE)
```

B2 मधला आकडा तक्त्याच्या पहिल्या रकान्यात शोध आणि त्या ओळीतल्या दुसऱ्या रकान्यातला दर दे, असा याचा अर्थ. डॉलरची चिन्हं तक्ता जागेवर बांधून ठेवतात. ती विसरली आणि फॉर्म्युला खाली ओढला, तर तक्त्याची चौकटही ओळीओळीने खाली सरकते आणि वरचे टप्पे एकेक करून निसटत जातात.

खरं काम शेवटच्या TRUE चं आहे. विक्री १,३७,५०० असेल तर हा आकडा तक्त्यात कुठेच नाही. TRUE च्या जागी FALSE लिहिलं, तर एक्सेल नेमका तोच आकडा शोधतं आणि सापडला नाही म्हणून #N/A देतं. TRUE असेल तर शोधलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान असा सर्वांत मोठा टप्पा निवडला जातो. इथे तो १,००,०००, म्हणून दर ३ टक्के आणि कमिशन ४,१२५ रुपये. यालाच अंदाजे जुळणी म्हणतात. नाव ‘अंदाजे’ असलं तरी यात ‘जवळचा आकडा’ कधीच शोधला जात नाही. ९९,९९९ हा आकडा लाखाच्या कितीही जवळ असला तरी त्याला पन्नास हजारांचाच टप्पा मिळतो.

ही निवड करताना एक्सेल वरून खाली एकेक ओळ वाचत नाही. ते तक्त्याच्या मध्यावर जातं. तिथला आकडा शोधलेल्या आकड्याहून मोठा असेल तर खालचा सगळा भाग सोडून देतं, नसेल तर वरचा. उरलेल्या भागाच्या मध्यावर पुन्हा तेच करतं. हजारो ओळींच्या तक्त्यातही यामुळे मोजक्या तुलनांत उत्तर मिळतं. मात्र टप्पे चढत्या क्रमाने लावलेले आहेत हे इथे गृहीत धरलेलं असतं. तसे ते आहेत की नाहीत, हे एक्सेल तपासत नाही.

आता मालक सांगतो की पंच्याहत्तर हजारांपासून अडीच टक्के द्यायचे. हिशेब पाहणारा ही नवी ओळ तक्त्याच्या तळाशी, पाच लाखांच्या खाली टाकतो आणि फॉर्म्युल्यातली चौकट एका ओळीने वाढवतो. कुठलीही सूचना येत नाही, सगळ्या सेलमध्ये दर दिसतात.

ज्याची विक्री ८०,००० आहे त्याला अडीच टक्के मिळायला हवेत. एक्सेल मध्यावर जातं, तिथे १,००,००० दिसतात. ते मोठे, म्हणून खालचा भाग सुटतो आणि त्याबरोबर पंच्याहत्तर हजारांची ओळही. उत्तर येतं २ टक्के. २,००० रुपयांऐवजी १,६०० मिळतात.

दुसऱ्याची विक्री ३,००,००० आहे. त्याला ४ टक्केच मिळतात, म्हणजे अगदी बरोबर. नमुन्यादाखल हीच ओळ तपासणाऱ्याला सगळं ठीक वाटेल.

तिसरा सगळ्यांत पुढे आहे, विक्री ६,००,०००. मध्यावरचा लाख त्याच्या आकड्याहून लहान, म्हणून शोध खाली जातो. पाच लाखही लहान, म्हणून आणखी खाली. शेवटच्या ओळीत ७५,००० आहेत, तेही लहानच. त्यामुळे शोध तिथे थांबतो आणि अडीच टक्के उचलतो. ३०,००० रुपयांच्या जागी १५,००० लागतात. सर्वांत जास्त माल विकणाऱ्याचं कमिशन निम्मं होतं आणि शीटवर कुठेही लाल खूण नसते.

चूक #N/A म्हणून दिसली तर कोणीतरी विचारतो. इथे मात्र चुकीचा दरही तक्त्यातलाच खरा दर असतो, म्हणून नजर त्यावरून पुढे सरकते. तो पकडायचा एक साधा उपाय आहे. दराच्या शेजारी आणखी एक रकाना घ्यावा आणि त्यात हाच फॉर्म्युला 2 ऐवजी 1 घालून लिहावा. मग एक्सेलने कोणता टप्पा निवडला तो आकडाच समोर येतो. ६,००,००० च्या शेजारी ७५,००० दिसले की वेगळं काही सांगावं लागत नाही. तक्त्याचा क्रम तपासायला एक सेल राखून ठेवता येतो:

```
=SUMPRODUCT(--(F3:F7<=F2:F6))
```

आपल्या वरच्या ओळीपेक्षा मोठ्या नसलेल्या ओळी किती, हे तो मोजतो. उत्तर शून्य असेल तर क्रम ठीक आहे. वरच्या उदाहरणात ते १ येतं.

यात आणखी एक पळवाट आहे. फॉर्म्युला लिहिताना चौथी जागा रिकामी सोडली तर एक्सेल तिथे TRUE धरतं. ग्राहकाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्याला नेमकी जुळणी हवी असते, पण शेवटचा शब्द गाळल्याने त्याच्याकडून नकळत अंदाजे जुळणी होते. कमिशनच्या कामात TRUE च हवं असतं, तरीही ते लिहून ठेवलेलं बरं. पुढे शीट हाताळणाऱ्याला ते मुद्दाम ठेवलंय हे कळतं.

सीमेवरच्या आकड्यांचे वाद वेगळे असतात. तक्त्यातला १,००,००० म्हणजे ‘लाखापासून’. करारात ‘लाखाहून अधिक’ असं लिहिलं असेल, तर नेमक्या लाखाच्या विक्रीवर तक्ता तीन टक्के देईल आणि करारानुसार मात्र दोनच द्यायला हवेत. हिशेब पूर्ण रुपयांत असेल तर तक्त्यात १,००,००१ लिहून हे जुळवता येतं. पैशांमुळेही गोंधळ होतो. विक्री ९९,९९९.६० असून सेल पूर्ण रुपये दाखवत असेल, तर पडद्यावर १,००,००० दिसतात आणि दर मात्र २ टक्केच येतो. सेलचं रूप बदललं तरी आतली किंमत तीच राहते. पूर्ण रुपयांवरच हिशेब करायचं ठरलं असेल, तर B2 च्या जागी ROUND(B2,0) लिहावं लागतं.

आतापर्यंत मिळालेला दर पूर्ण विक्रीवर लावला. त्यामुळे सीमेवर मोठी उडी येते. ९९,९९९ वर जेमतेम २,००० रुपये आणि एक रुपया वाढला की ३,०००. पाच लाखांच्या सीमेवर तर एका रुपयाने ५,००० चा फरक पडतो. आयकरात असं होत नाही, कारण तिथे वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेला लागतो. कमिशनही तसंच द्यायचं ठरलं, तर मूळ पाच ओळींच्या तक्त्याला H हा तिसरा रकाना जोडावा. टप्पा सुरू होईपर्यंत किती कमिशन साठलं ते त्यात असेल: ०, ५००, १,५००, ६,००० आणि १६,०००.

```
=VLOOKUP(B2,$F$2:$H$6,3,TRUE)
 +(B2-VLOOKUP(B2,$F$2:$H$6,1,TRUE))
 *VLOOKUP(B2,$F$2:$H$6,2,TRUE)
```

१,३७,५०० साठी लाखापर्यंतचे १,५०० आणि वरच्या ३७,५०० वर तीन टक्क्यांनी १,१२५, एकूण २,६२५ रुपये. आधीच्या पद्धतीने हेच ४,१२५ होत होते. दोन्ही हिशेब त्या त्या नियमानुसार बरोबर आहेत. कोणता नियम लावायचा, हे करारानेच सांगायला हवं.

२०१९ साली जाहीर झालेल्या XLOOKUP ने क्रमाची अट काढून टाकली. त्यात नेमकी जुळणी न सांगता मिळते आणि टप्पे शोधायचे असतील तर शेवटी -1 लिहावं लागतं:

```
=XLOOKUP(B2,$F$2:$F$7,$G$2:$G$7,0,-1)
```

तळाशी टाकलेल्या पंच्याहत्तर हजारांसकट तो ८०,००० ला अडीच आणि ६,००,००० ला पाच टक्के देतो. मात्र ही सोय एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, एक्सेल २०१९ मध्ये नाही. फॉर्म्युल्यातलं शेवटून दुसरं शून्य म्हणजे टप्पा सापडला नाही तर शून्य दर. टार्गेट गाठायला महिनाअखेरीस माल खपवला आणि तो पुढच्या महिन्यात परत आला, तर विक्री उणे होऊ शकते. VLOOKUP तिथे #N/A देतो, तर वरचा XLOOKUP गुपचूप शून्य दर लावतो आणि आधी दिलेलं कमिशन परत घ्यायचं राहून जातं.

दर बदलताना जुन्या तक्त्यावरच नवे आकडे लिहिले, तर त्याला जोडलेले मागचे सगळे महिनेही नव्या दराने पुन्हा मोजले जातात. एप्रिलपासून दर बदलणार असतील तर शेजारी नवा तक्ता मांडावा, एप्रिलपासूनचे फॉर्म्युले त्याला जोडावेत आणि मार्चपर्यंतचे जुन्यालाच जोडलेले ठेवावेत.