‘Layer 7 copy 2’ म्हणजे नेमकं काय?

जेवणाच्या टेबलाच्या फोटोतली प्लास्टिकची बाटली काढून तिथे तांब्याचा जग बसवायचा आहे. अर्धं काम एकाने केलं, उरलेलं दुसरा करणार. फाइल उघडल्यावर त्याला ‘Layer 7 copy 2’ अशी नावं दिसली, तर प्रत्येक लेयरचा डोळा बंद-चालू करत बसण्यातच त्याचा वेळ जातो.

फोटोशॉपमध्ये मूळ फोटो खाली, कुलूपबंद ठेवावा. त्यावर ‘बाटली_पुसली’ हा रिकामा लेयर घेऊन क्लोन स्टॅम्प त्यावरच चालवावा; सॅम्पलिंग ‘Current & Below’ असावं. मग ‘जग_सावली’, मल्टिप्लाय मोडमध्ये. सर्वांत वर ‘जग’, स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून, कडा खोडरबराने न खोडता मास्कने झाकलेल्या. सावली जगातच मिसळली, तर पुढच्याला सावली दोन बोटं सरकवणंही जड जातं: जगही तिच्याबरोबर सरकतो.

पण लेयर फक्त काय केलं ते सांगतो, का केलं ते नाही. हिस्टरी पॅनेलवर विसंबू नका. फाइल बंद केली की ते रिकामं होतं. म्हणून शेजारी साधी मजकूर-फाइल ठेवावी:

```
जग: jug_03.tif, 62%
उजेड: डावीकडून, खिडकी
सावली: ब्लर 14 px
बाकी: टेबलावर बाटलीचं प्रतिबिंब
```

शेवटची ओळ माझ्या मते सर्वांत मोलाची. जगाचा फोटो लिंक केलेला असेल, तर तोही सोबत पाठवा. नाहीतर पुढच्याच्या संगणकावर तो बदलता येणार नाही.