आरेची भिंत अरबीत नेताना

सकाळी 8. आज एकच भिंत हातात घेतली आहे. गोरेगावातली कुंपणाची भिंत, तिच्यावर काळ्या रंगात हाताने लिहिलेलं 'आरेला का रे?', शेजारी वारली पद्धतीची माणसं आणि एक बिबट्या. अरबी वाचकांसाठीच्या छायाचित्रांच्या पुस्तकात हा फोटो जायचा आहे. आधी अर्थाकडे न जाता नुसती अक्षरं वाचते. भिंतीवर मागाहून चुना फिरवलेला असल्यामुळे 'का' आणि 'रे' यांच्यामध्ये खरंच मोकळी जागा आहे की चुन्याने तशी दिसते, ते कळत नाही. छायाचित्रकाराकडून बाजूने काढलेला दुसरा फोटो मागवते. जागा खरीच आहे. शब्द जोडून असते तर ते नुसतं उलट उत्तर झालं असतं. तोडल्यामुळे 'आरेलाच का?' हा जाबही त्यात आला आहे.

सकाळी 10. कैरोतल्या सहकारी बाईंसाठी टिपण लिहिते. अंतिम अरबी ओळ त्यांच्या कानाला पटली पाहिजे, पण मुंबई त्यांना मला सांगावी लागते. 'अरेला कारे करणं' म्हणजे दरडावणाऱ्याला तसंच उत्तर देणं. आरे हे गोरेगावच्या दूध वसाहतीभोवतीचं जंगल. त्यात आदिवासी पाडे आहेत आणि बिबटेही. 'कारे' ऐकताना मुंबईकराला मेट्रो-3 ची कारशेडही आठवते. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर 4 ऑक्टोबर 2019च्या रात्री तिथे झाडतोड सुरू झाली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. एवढं ठाऊक नसेल तर ही ओळ परक्याला कोडंच वाटेल.

दुपारी 12. नाव अरबीत कसं लिहायचं? आलिफ-मद्दा, रे आणि ये अशी तीन अक्षरं सरळ उतरवली, तर अरबी वाचक ते 'आरी' वाचतो, आणि 'आरी' म्हणजे आर्य वंशाचा. मुंबईचं जंगल 'आर्यांचं जंगल' होऊन बसेल, आणि आदिवासींच्या भिंतीवर तो अर्थ फार वाईट. मध्ये आणखी एक आलिफ घालून 'आराय' करते. उच्चार किंचित लांबतो, पण गैरसमज टळतो. चित्राखालच्या मजकुरात नावाआधी 'गाबा', म्हणजे जंगल, हा शब्दही ठेवते.

दुपारी 1.30. कैरोत सकाळचे दहा. फोनवर आम्ही दोघी ओळ बोलून पाहतो. शब्दशः केलं तर 'आरायला का?' एवढंच उरतं. त्यात जाब आहे, पण उलट बोलणं नाही. इजिप्तच्या बोलीत खटका येतो, मात्र बगदादच्या किंवा कासाब्लांकाच्या वाचकाला तो परका वाटेल, आणि पुस्तक सगळ्यांसाठी आहे. म्हणून प्रमाण अरबीतच, पण लोकांच्या तोंडी असलेलं काही हवं. अरबीत 'अमक्याचं मत वेगळं होतं' असं म्हणतात, ते कुणी ठरवलेला बेत उधळला की. मत म्हणजे 'रअ्य'. ते 'आराय'च्या शेजारी ठेवलं की नाद जुळतो: 'लि-आराय रअ्युन आख़र', म्हणजे आरायचं मत वेगळं आहे. उलट उत्तर आलं, नावाशी खेळ आला, ठरलेला बेत झुगारणंही आलं. कारशेड मात्र सुटली.

दुपारी 3. बिबट्याकडे वळते. चित्राखाली छोट्या अक्षरांत 'वाघोबा' आहे. पाड्यांवर वाघोबा हा देव, आणि तो वाघ-बिबट्या दोघांनाही सामावून घेतो. इथे अरबी अनायासे मदतीला येते. 'निम्र' हा शब्द नेमकेपणाने बिबट्यासाठी आहे, पण बोलताना लोक वाघालाही तोच वापरतात. चित्रात ठिपके आहेतच. देवपण मात्र त्या शब्दात नाही. ते मजकुरात सांगावं लागतं.

संध्याकाळी 5. चित्राखालचा मजकूर तीन वाक्यांत बसवते: जंगल कुठलं, झाडं कधी आणि कशासाठी तोडली, वाघोबा कोण. सुटलेली कारशेड इथे येते. शब्दखेळ समजावण्याच्या भानगडीत पडत नाही, कारण खेळ ओळीतच झालेला आहे.

संध्याकाळी 6.30. मांडणीकाराकडून पान आलं. अरबी अक्षरं एकमेकांपासून सुटली आहेत आणि डावीकडून उजवीकडे पडली आहेत. मांडणीच्या प्रणालीत अरबीची सोय चालू नसली की असं होतं. अरबी न येणाऱ्यालाही ते ओळखता येतं: ओळभर एकही अक्षर शेजारच्याला जोडलेलं दिसत नाही. पान परत पाठवते, आणि सुधारून आल्यावर मूळ ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहते.

भिंतींचे फोटो काढणाऱ्यांना एक विनंती आहे. ओळीच्या जवळच्या फोटोबरोबर अख्खी भिंत दिसेल असा एक फोटो लांबून काढा, दुसरा बाजूने काढा, आणि गल्लीचं नाव व तारीख लिहून ठेवा. चुना फिरल्यावर ती भिंत पुन्हा वाचता येत नाही.