पासष्ट रुपये आणि एक पुस्तक

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकांचं प्रदर्शन लागतं, तेव्हा त्यासाठी वेगळा हॉल नसतो. सातवीचा वर्ग रिकामा करतात, बाकं भिंतीशी सरकवतात, त्यांवर सतरंज्या टाकतात आणि तालुक्याहून टेम्पोतून आलेले गठ्ठे सोडतात. मुहूर्त बहुधा ठरलेले असतात. 15 ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस 2015 पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर बालदिन येतो आणि 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या दिवसांच्या आगेमागे विक्रेते शाळा-शाळांतून फिरतात. माल परतीच्या बोलीवर येतो. विकलं गेलं त्याचे पैसे द्यायचे आणि उरलेलं पुन्हा गठ्ठ्यात बांधायचं.

अशा एका प्रदर्शनात चौथीतली एक मुलगी मुठीत पैसे घेऊन उभी आहे, अशी गोष्ट धरू. घरात पुस्तकं आहेत, पण ती पाठ्यपुस्तकं. ती शाळेने दिलेली आहेत, तिने निवडलेली नाहीत. आज पहिल्यांदाच ती स्वतःच्या पैशांनी स्वतःचं पुस्तक घेणार आहे. पैसे जमले ते भाऊबीजेच्या ओवाळणीतून आणि पाहुण्यांनी जाताना खाऊसाठी हातावर ठेवलेल्यातून. बारा कडांचं वीस रुपयांचं एक नाणं, दहाची दोन, पाचची तीन, दोनची चार आणि रुपयाची दोन. एकूण पासष्ट.

यातली दहाची नाणी तिला जरा धास्तीची वाटतात, कारण गावातल्या दुकानदाराने एकदा ती परत केली होती. दहाच्या नाण्यांच्या खोटेपणाची अफवा देशभर इतकी पसरली होती, की जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, दहाची नाणी चौदा वेगवेगळ्या नक्षींत निघाली आहेत आणि ती सगळी चलनात ग्राह्य आहेत. शिवाय 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया किंवा त्याहून मोठ्या किमतीच्या नाण्यांत एक हजार रुपयांपर्यंतचं देणं देता येतं. प्रदर्शनाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या शिक्षकांना एवढं ठाऊक असलं, तर मुलांची मूठ परत जात नाही.

आता ती बाकांपाशी येते. तिची नजर प्रथम जाड पुस्तकांवर पडते. एवढ्याच पैशांत पानं जास्त मिळाली तर बरं, हा तिचा हिशेब अगदी रास्त आहे. पण जाड पुस्तकाची छापील किंमत दीडशे-दोनशेच्या घरात असते. शंभराच्या आत मिळतात ती मधोमध पिना मारलेली पातळ चित्रपुस्तकं. ती बहुतेक सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांचीच का असतात, याचं उत्तर छापखान्यात आहे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की आठ किंवा सोळा पानांचा फर्मा तयार होतो. एका-दोन फर्म्यांत गोष्ट बसली की कागद वाया जात नाही आणि शिवण-चिकटणीऐवजी पिनांवर भागतं. चार रंगांच्या छपाईचा सुरुवातीचा खर्च मात्र हजार प्रती काढल्या काय आणि दहा हजार काढल्या काय, जवळपास तेवढाच राहतो. म्हणून मोठी आवृत्ती काढता आली, तर रंगीत पुस्तक मुलाच्या खिशाला झेपेल अशा किमतीला येतं. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला अनेक भारतीय भाषांत निघते आणि तीच चित्रं वेगवेगळ्या भाषांत वापरता येतात. एका भाषेपुरतं काम करणाऱ्या मराठी प्रकाशकाला ही सोय नसते. तरीही ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या प्रकाशकांनी माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तकं मुलांपर्यंत पोचवली, हे मराठी घरांवरचं मोठं ऋण आहे.

स्वस्त पुस्तकाची एक जुनी आठवण पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक वाचकांना असेल. मॉस्कोत छापलेली, गुळगुळीत कागदाची सोव्हिएत बालपुस्तकं मराठीत येत आणि लोकवाङ्मय गृहाच्या विक्रीतून किरकोळ किमतीला मिळत. 1991 साली सोव्हिएत संघ विरला आणि तो ओघ आटला. तेवढ्या पैशांत तेवढं देखणं पुस्तक मुलाच्या हाती पुन्हा सहजी आलेलं नाही.

मुलगी पुस्तक कसं निवडते, ते थोडं थांबून पाहण्यासारखं असतं. ती मुखपृष्ठ पाहते, मग मागून पुढे पानं उलटते, एखाद्या चित्राशी थांबते आणि पुस्तक ठेवून देते. चार पुस्तकं झाल्यावर पहिल्यापाशी परत येते. मोठ्या माणसांना हा वेळकाढूपणा वाटतो आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी मध्ये पडतं. शुद्धलेखनाचं घे, सामान्य ज्ञानाचं घे, थोरांचं चरित्र घे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी पुस्तक तिचं राहत नाही.

आपल्या आवडीने घेतलेल्या पुस्तकाने काय होतं, याचा एक नेटका अभ्यास अमेरिकेत झाला आहे. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रांझन या दोघा संशोधकांनी फ्लोरिडातल्या सतरा गरीब वस्तीच्या शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुस्तकांची प्रदर्शनं भरवली. पहिली-दुसरीपासूनच्या 852 मुलांना दर वर्षी बारा पुस्तकं स्वतः निवडून घरी न्यायला दिली, असं सलग तीन वर्षं. 478 मुलांना ती दिली नाहीत. 2010 साली निष्कर्ष छापून आले. पुस्तकं नेलेल्या मुलांची वाचनाची पातळी दुसऱ्या गटापेक्षा वर होती आणि हा फरक उन्हाळी वर्गांमुळे पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. मुलांनी काय निवडलं होतं? सर्वांत लोकप्रिय ठरलं ते एका बालवयीन रॅप गायकाबद्दलचं पुस्तक. शिक्षकांच्या यादीत ते पहिलं खचितच आलं नसतं. ती पुस्तकं फुकट होती आणि बारा होती, आपल्या मुलीकडे पासष्ट रुपये आहेत आणि एकच पुस्तक येणार आहे, हा फरक मात्र विसरता येत नाही. बारांतली तीन फसली तरी नऊ उरतात. एकच घ्यायचं असेल, तर ते फसता कामा नये.

पुस्तक फसतं ते बहुधा आवड चुकल्यामुळे नव्हे, तर पातळी चुकल्यामुळे. याची साधी परीक्षा पाच बोटांची. मुलाने मधलं एखादं पान मोठ्याने वाचायचं आणि अडेल त्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर पुस्तक सध्या जड आहे. पहिलं पान यासाठी उपयोगाचं नाही, कारण लेखकाने ते बहुधा सोपं ठेवलेलं असतं. चित्रपुस्तकात एका पानावर वीसच शब्द असतील, तर पाच बोटांची वाट पाहायची नाही, दोन मिटली तरी पुरे.

मराठीत ही बोटं मिटतात ती दोन ठिकाणी. एक म्हणजे जोडाक्षरं. ‘पुस्तक’ जमतं, पण ‘उत्कंठा’पाशी नजर अडते, आणि एका वाक्यात अशी तीन आली की मूल अर्थ सोडून अक्षरांमागे लागतं. दुसरी जागा कमी लक्षात येते. घरी अहिराणी, वारली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलीला प्रमाण मराठीतला सोपा शब्दही कधी कधी अनोळखी असतो. ती तो बिनचूक वाचते, पण तिच्यापुढे चित्र उभं राहत नाही. म्हणून बोटं मोजून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा, या पानावर काय झालं? उत्तर स्वतःच्या बोलीत आलं, तर ते पुस्तक तिला पेलणारं आहे. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर चार पातळ्या दिलेल्या असतात. पहिल्या पातळीत अडीचशेपर्यंत शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत. चौथीतली मुलगी दुसऱ्या पातळीचं पुस्तक उचलत असेल, तर तिला ‘हे लहान मुलांचं’ म्हणून हिणवू नये. पूर्ण वाचलेली चारशे शब्दांची गोष्ट, तिसऱ्या पानावर सोडलेल्या दीड हजार शब्दांपेक्षा तिच्या कामाची असते.

आपली मुलगी अखेर एका बकरीच्या गोष्टीपाशी थांबली आहे. मधलं पान वाचून झालं, एकच बोट मिटलं. मग ती मागचं मलपृष्ठ पाहते. छापील किंमत सत्तर रुपये. ती पुस्तक खाली ठेवते.

बहुतेक प्रदर्शनांची खरी चूक इथे होते आणि ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. दारावर खडूने लिहिलेलं असतं, सर्व पुस्तकांवर दहा टक्के सूट. चौथीच्या मुलीला शेकडेवारी अजून शिकवलेली नाही. तिला सत्तरातून सात वजा करता येतात, पण ते सात कुठून आणायचे हे ठाऊक नाही. हिशेब खरा असा आहे, सत्तरातून सात गेले, राहिले त्रेसष्ट. पासष्ट रुपयांत पुस्तक येतं आणि दोन रुपये उरतात. पुस्तक तिच्या आवाक्यात होतं, तरी तिच्यापुरतं ते महाग ठरलं. गल्ल्यावर जाऊन विचारण्याइतकी धिटाई या वयात क्वचित असते.

उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक पुस्तकात कागदाची चिठ्ठी घालून सूट वजा जाता किंमत लिहायची, तीही पूर्ण रुपयांत. पन्नास, पंचाहत्तर आणि शंभरच्या आतली पुस्तकं वेगवेगळ्या बाकांवर मांडायची, मुखपृष्ठ वर करून, आणि बाकं मुलांच्या छातीच्या उंचीपेक्षा उंच नकोत. पाठीची कडा दिसेल अशी उभी रचलेली पातळ पुस्तकं कोणालाच दिसत नाहीत, कारण पिन मारलेल्या पुस्तकाला नाव छापण्याजोगी पाठच नसते. प्रदर्शन दोन दिवसांचं असेल, तर पहिला दिवस नुसता पाहण्याचा ठेवावा. मूल घरी जाऊन उरलेले पाच रुपये मागू शकतं, किंवा रात्रीतून मन बदलू शकतं. पेन्सिली, खोडरबर आणि स्टिकर त्याच खोलीत विकायला ठेवले, तर पैसे तिकडे आधी जातात, हे कोणत्याही विक्रेत्याला विचारावं.

बाईंनी हे हेरलं आणि जवळ येऊन हळूच सांगितलं, ‘‘अगं, हे त्रेसष्टला आहे.’’ घे म्हणाल्या नाहीत. मुलीने नाणी गल्ल्यावर ओतली, वीसचं आधी, मग दहाची, आणि सरांनी ती एक-एक मोजून घेतली. उरलेलं दोनचं नाणं परत मिळालं, सोबत पावतीही.

संध्याकाळी गठ्ठे बांधताना विक्रेता काय खपलं याची यादी करतो आणि पुढच्या वर्षी त्याच बेताने माल आणतो. त्या यादीत उचलून परत ठेवलेल्या पुस्तकांची नोंद नसते. शाळेने ती वेगळी ठेवावी. कोणत्या बाकापाशी मुलं थांबली, कोणतं पुस्तक कितीदा हाताळलं गेलं आणि कोणत्या किमतीपाशी ते खाली ठेवलं गेलं. पाचवी-सहावीतल्या दोन मुलांना वही-पेन देऊन बसवलं तर हे काम दिवसभरात होतं, आणि पुढच्या टेम्पोत काय यावं हे शाळेला विक्रेत्याशी आकड्यांनिशी बोलता येतं.