शेवटच्या चाचणीला वजन किती द्यावे?

वार्षिक परीक्षा जवळ आली की, जादा तासांसाठी कोणाला निवडायचे हे ठरवायला वर्गशिक्षक गुणांची वही उघडतात. समजा, गणिताच्या पाच चाचण्यांत (प्रत्येकी १०० गुण) दोन विद्यार्थ्यांना ओळीने असे गुण मिळाले आहेत :

उषा : ४०, ४६, ५२, ६०, ६२
मोहन : ५८, ५६, ५८, ५७, ३१

दोघांचीही बेरीज २६० आणि सरासरी ५२ येते. पण ही दोन मुले सारखी नाहीत, हे वहीकडे नुसते पाहिले तरी कळते. सरासरी काढताना चाचण्यांचा क्रम पुसला जातो, आणि इथे तर सारे काही क्रमातच आहे. म्हणून अलीकडच्या गुणांना जास्त वजन देऊन पाहू.

त्यासाठी एक साधी रीत आहे. पहिल्या चाचणीचे गुण हाच पहिला अंदाज धरायचा. मग प्रत्येक नव्या चाचणीनंतर अंदाज पुढीलप्रमाणे सुधारायचा :

नवा अंदाज = जुना अंदाज + भार × (नवे गुण − जुना अंदाज)

भार ही ० आणि १ यांच्यामधील संख्या होय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी काम करताना रॉबर्ट ब्राउन यांनी पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी ही युक्ती वापरली. पुढे मालाच्या मागणीचे अंदाज बांधण्यासाठी ती रूढ झाली.

भार ०.५ घेतला, तर जुना अंदाज आणि नवे गुण यांचा मध्य काढणे एवढेच काम उरते. उषाचा अंदाज ४० वरून ४३, ४७.५, ५३.७५ असा चढत शेवटी सुमारे ५८ होतो. यात शेवटच्या चाचणीचा वाटा निम्मा, तिच्या आधीच्या चाचणीचा पाव, त्याआधीचीचा अष्टमांश असा घटत जातो. जुने गुण एकदम टाकून दिले जात नाहीत, त्यांचा आवाज हळूहळू क्षीण होतो.

हीच रीत मोहनला लावली तर अंदाज ५७ वरून एकदम ४४ वर कोसळतो. तो त्या दिवशी तापाने फणफणला असेल, तर हा अंदाज त्याच्यावर अन्याय करणारा आहे. आता भार ०.२ घेऊन पाहा. मोहनचा अंदाज ५२ येतो, पण उषाचा ५० वरच अडकतो आणि तिची प्रगती दिसत नाही. मोठा भार बदल चटकन ओळखतो, पण एका वाईट दिवसाने फसतो. लहान भार फसत नाही, पण मागे रेंगाळतो. दोन्ही गुण असलेला भार मिळणार नाही.

मग भार ठरवावा कसा? मागच्या वर्षीची वही घ्यावी. वार्षिक गुण झाकून ठेवावेत आणि चाचण्यांवरून ०.२, ०.३, ०.५ असे भार घेऊन प्रत्येक मुलाचा अंदाज काढावा. नंतर प्रत्यक्ष वार्षिक गुणांशी किती फरक पडतो ते पाहून, अधिक-उणे चिन्ह न धरता, त्या फरकांची सरासरी काढावी. ज्या भाराने ही सरासरी सर्वांत कमी येईल तो आपल्या वर्गाला योग्य. साध्या सरासरीचीही अशीच परीक्षा घ्यावी. तीच सरस ठरली तर या खटाटोपाची गरज नाही.

एखाद्या मुलाचे गुण दरवेळी अंदाजाच्या वरच येत असतील, तर अंदाज मागे पडत आहे असे समजावे. उषाच्या बाबतीत ०.५ भार घेऊनही दुसऱ्या चाचणीपासून प्रत्येक वेळी असेच घडले. सतत चढणाऱ्या मुलाला ही रीत नेहमी थोडे कमीच लेखते. त्यावर उपाय म्हणून चढाचाही वेगळा अंदाज ठेवण्याची सुधारणा चार्ल्स होल्ट यांनी १९५७ साली मांडली. पण पाचच चाचण्यांवरून काढलेला चढ फारसा भरवशाचा नसतो.

आणखी एक सावधगिरी हवी. शेवटची प्रश्नपत्रिकाच अवघड निघाली तर सगळा वर्ग घसरल्यासारखा दिसेल आणि मोठा भार ती घसरण अधिकच फुगवील. म्हणून मूळ गुणांऐवजी 'वर्गाच्या सरासरीपेक्षा किती अधिक वा उणे' हा आकडा सूत्रात घालावा. शेवटची चाचणी एकाच प्रकरणावर असेल आणि वार्षिक परीक्षा सगळ्या पुस्तकावर, तर तिला फार वजन देण्याचे कारणच उरत नाही.

राहता राहिला मोहन. अंदाज ५७ चा आणि गुण ३१, असा २६ गुणांचा फरक दिसला की आकडेमोड थांबवावी आणि मुलाला जवळ बोलवावे. ताप असेल तर ती चाचणी हिशेबातून वगळावी. पण घरची अडचण येऊन अभ्यासच सुटला असेल, तर ४४ हाच खरा अंदाज आणि जादा तासाची गरज आधी त्यालाच. हे कोणता भार घेतला तरी सूत्र सांगू शकत नाही. कोणाला विचारायचे एवढे मात्र ते दाखवून देते.